बहुमत पद्धत की प्रमाणशीर प्रतिनिधित्व: वर्गात कुणाचीच बाजू न घेणारे प्रश्न कसे काढायचे, पायरीपायरीने

टीवायच्या वर्गाला मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवते आणि निवडणूक पद्धतींचा टॉपिक आला की दरवेळी वर्गाचे दोन भाग पडतात. पोरांना खरं तर पद्धतीबद्दल नाही तर आपल्या पक्षाबद्दल बोलायचं असतं, आणि आपण काढलेला प्रश्न जर जरासा एका बाजूला कललेला असेल तर त्यांना तो वास लगेच येतो. मी एकदा चाचणीत प्रश्न टाकला होता, "बहुमत पद्धतीमुळे लहान पक्षांवर होणारा अन्याय उदाहरणांसह स्पष्ट करा". पेपर तपासताना लक्षात आलं की चाळीसच्या चाळीस पोरांनी एकच उत्तर लिहिलंय, कारण उत्तर मी प्रश्नातच देऊन ठेवलं होतं. एक मुलगी नंतर येऊन म्हणाली, "मॅडम, मला तसं वाटत नाही, पण लिहिलं, मार्क जातील म्हणून." तेव्हापासून मी प्रश्न काढायची जी रीत बसवली ती इथे नीट सांगते. इथे बहुमत पद्धत म्हणजे आपली नेहमीची, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, आणि प्रमाणशीर म्हणजे पक्षाला जेवढी टक्के मतं साधारण तेवढ्या टक्के जागा.

पायरी १: प्रश्नात काय आधीच गृहीत धरलंय ते शोधा

माझ्या त्या प्रश्नात मी फक्त शब्द चुकवला होता असं मला आधी वाटलं, "अन्याय" काढून "परिणाम" लिहिलं की झालं. पण नाही. खरी चूक खाली होती. "लहान पक्षांचं नुकसान होतं" हे मी सत्य म्हणून धरून चालले होते आणि ते तसं सरळ नाहीच आहे.

२०१४ ची लोकसभा घ्या. बसपाला देशभरात ४ टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली आणि जागा शून्य. त्याच निवडणुकीत अण्णाद्रमुकला ३.३ टक्के मतं, म्हणजे बसपापेक्षा कमी, आणि जागा ३७. दोन्ही देशपातळीवर लहानच पक्ष, मग एकाला एवढं झुकतं माप आणि दुसऱ्याला काहीच नाही असं का झालं? कारण अण्णाद्रमुकची मतं एका तामिळनाडूत एकवटलेली होती आणि बसपाची बऱ्याच राज्यांत पसरलेली. म्हणजे बहुमत पद्धत पक्षाच्या आकाराइतकंच त्याची मतं कुठे आहेत हे बघते. माझा प्रश्न पक्षपाती तर होताच, पण अर्धवट खोटाही होता.

म्हणून पहिली पायरी ही की प्रश्न कागदावर लिहायचा आणि त्याच्याखाली "हा प्रश्न विचारण्यासाठी मी काय काय खरं मानलंय" अशी दोन-तीन वाक्यं लिहायची. त्यातलं एखादं वाक्य असं निघालं की ज्यावर वर्गातल्या कुणाचाही प्रामाणिकपणे आक्षेप असू शकतो, तर ते वाक्य प्रश्नातून बाहेर काढून त्याचाच वेगळा प्रश्न करायचा. माझा प्रश्न मग असा झाला: "२०१४ मध्ये बसपा आणि अण्णाद्रमुक यांची मतांची टक्केवारी आणि जागा यांत एवढा फरक का पडला? मतं कुठे पडली याचा त्यात काय वाटा आहे?" आता याला उत्तर आहे, ते शोधावं लागतं, आणि बहुमत पद्धत आवडणारा आणि न आवडणारा दोघंही ते लिहू शकतात.

पायरी २: तीन जातीचे प्रश्न वेगळे ठेवा

एका प्रश्नात काय घडलं, का घडलं आणि ते चांगलं की वाईट हे तिन्ही कोंबलं की घोटाळा होतो. काय घडलं याला एकच बरोबर उत्तर असतं आणि तिथे समतोल वगैरे काही आणायचा नसतो, आकडे आकडे आहेत. का घडलं यात दोन-तीन पटतील अशी कारणं असतात. आणि चांगलं की वाईट हे तुम्ही कशाला जास्त किंमत देता यावर ठरतं. "कोणती पद्धत चांगली" हा प्रश्न चुकीचा नाहीये, फक्त तो असा नागडा विचारायचा नाही, आधी मोजपट्टी सांगायची. म्हणजे "सरकार कुणी चालवायचं हे मतदानाच्या रात्रीच कळावं, हे उद्दिष्ट महत्त्वाचं मानलं तर कोणती पद्धत जास्त जवळ जाते? आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात हे उद्दिष्ट मानलं तर?" दोन्ही भाग विचारायचे, दोन्हीला सारखे मार्क. मोजपट्टी एकच दिली की प्रश्न तिथेच कलला, कारण प्रत्येक पद्धत स्वतःच्या मोजपट्टीवर पास होते.

पायरी ३: शब्द गाळून घ्या

आपण रोज वापरतो त्या शब्दांतच बाजू लपलेली असते. "वाया गेलेली मतं" म्हटलं की प्रमाणशीरवाल्याची बाजू झाली, त्याऐवजी "ज्या मतांतून कुणी निवडून आलं नाही अशी मतं" म्हणा, लांब आहे पण सरळ आहे. "खिचडी सरकार" म्हटलं की बहुमतवाल्याची बाजू झाली. "स्थिर सरकार" पण तसंच आहे, ते फार निरुपद्रवी दिसतं म्हणून जास्त सांभाळायचं, "एका पक्षाचं सरकार" आणि "एकापेक्षा जास्त पक्षांचं सरकार" एवढंच लिहायचं आणि ते स्थिर होतं का नाही हे पोरांना तारखांवरून काढू द्यायचं. "निवडणूक सुधारणा" हा तर सगळ्यात फसवा शब्द, कारण बदल म्हणजे सुधारणा हे त्यात आधीच बसलंय. नुसतं "बदल" लिहा.

शब्दांचा एवढा कीस कशाला असं वाटत असेल तर ब्रिटनचं बघा. ५ मे २०११ ला तिथे निवडणूक पद्धतीवर सार्वमत झालं. सरकारने आधी जो प्रश्न तयार केला होता त्याची सुरुवात "तुम्हाला युनायटेड किंगडमने ही पद्धत स्वीकारावी असं वाटतं का" अशा धर्तीची होती आणि सगळं एका लांबलचक वाक्यात होतं. तिथल्या निवडणूक आयोगाने तो प्रश्न सामान्य लोकांना वाचायला देऊन तपासला, लोकांना तो जड गेला, आणि मग तो दोन वाक्यांत तोडला. आधी सध्या कोणती पद्धत आहे ते सांगितलं, मग तिच्याऐवजी दुसरी वापरावी का असं विचारलं. वर्गातल्या प्रश्नालाही हेच लागू होतं, आधी माहितीचं वाक्य, मग प्रश्नाचं वाक्य, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत.

पायरी ४: उदाहरण जोडीने निवडा

माझ्या मते सगळ्यात जास्त पक्षपात इथे होतो आणि तो कुणाला दिसत नाही, कारण शब्द सगळे सोज्वळ असतात. तुम्ही कोणती निवडणूक निवडली यातच निकाल लागलेला असतो.

मी सुरुवात न्यूझीलंडपासून करते. एक तर तिथल्या पक्षांशी आपल्या पोरांचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे डोकी थंड राहतात. दुसरं म्हणजे त्याच देशाने पद्धत बदलली, १९९३ च्या सार्वमतात ५३.९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं आणि १९९६ ला नवीन मिश्र प्रमाणशीर पद्धतीने पहिली निवडणूक झाली. त्यामुळे देश तोच, मोठे दोन पक्ष तेच, आणि पद्धत वेगळी, अशी तुलना हाताशी मिळते.

आता बघा. १९८१ ला बहुमत पद्धतीत लेबर पक्षाला ३९.० टक्के मतं आणि ४३ जागा, नॅशनलला ३८.८ टक्के आणि ४७ जागा. एकूण जागा ९२, म्हणजे ज्याला कमी मतं त्याचं सरकार. आणि सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मतं, म्हणजे दर पाच मतदारांतला एक, आणि जागा फक्त २. ही एकच निवडणूक वर्गात दिली आणि "चर्चा करा" म्हटलं तर चर्चा होणारच नाही, सगळे प्रमाणशीरच्या बाजूने जातील.

मग शेजारी १९९६ ठेवा. नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, बाकीचे तीन पक्ष मिळून २२, एकूण १२०. बहुमताला ६१ पाहिजेत. निवडणूक झाली १२ ऑक्टोबरला आणि सरकार कुणाचं हे कळलं १० डिसेंबरला, जवळजवळ दोन महिने वाटाघाटी चालल्या. १३.४ टक्के मतं मिळालेल्या न्यूझीलंड फर्स्टने ठरवलं की पंतप्रधान कोण, त्यांच्या नेत्याला उपपंतप्रधानपद मिळालं, आणि ती आघाडी १९९८ मध्ये फुटली. आणखी एक गोष्ट, ५ टक्क्यांची अट असल्यामुळे ख्रिश्चन कोअलिशनला ४.३ टक्के मतं मिळूनही एक जागा मिळाली नाही. ही एकटी निवडणूक दिली तर वर्ग उलट्या बाजूला जाईल.

म्हणून नियम एकच: प्रत्येक पद्धतीला तिचा नाजूक दिवस दाखवणारं एक उदाहरण द्या, आणि दोन्ही नाजूकपणा साधारण सारख्या वजनाचे ठेवा. एका पद्धतीची सगळ्यात वाईट निवडणूक आणि दुसरीची सगळ्यात छान निवडणूक, असं कधीच नको.

यानंतर तिसरं उदाहरण असं घ्यायचं जे दोन्ही बाजूंची पाठ केलेली वाक्यं मोडतं. २०२० ला त्याच मिश्र प्रमाणशीर पद्धतीत लेबरला ५० टक्के मतं आणि १२० पैकी ६५ जागा मिळाल्या, एका पक्षाला स्वबळावर बहुमत. आणि आपल्याकडे बहुमत पद्धत असूनही १९८९ पासून २००९ पर्यंतच्या एकाही लोकसभा निवडणुकीत कुठल्याच पक्षाला स्वतःचं बहुमत मिळालं नव्हतं. "प्रमाणशीर म्हणजे आघाडी, बहुमत पद्धत म्हणजे एका पक्षाचं सरकार" हे वाक्य पोरं गाईडमधून घेऊन येतात, ते इथे आपोआप ढिलं पडतं आणि मग खरा प्रश्न विचारता येतो की पक्षव्यवस्था आणि निवडणूक पद्धत यात कोण कुणाला घडवतं.

एक सावधगिरी इथेच सांगते. "१९८१ ला प्रमाणशीर पद्धत असती तर कुणाला किती जागा मिळाल्या असत्या" असा प्रश्न सरळ विचारू नका. पद्धत वेगळी असती तर लोकांनी मतंही वेगळी दिली असती, पक्षांनी उमेदवारही वेगळे उभे केले असते. विचारायचाच असेल तर "मतं तीच राहिली असं गृहीत धरून हिशोब करा, आणि हे गृहीतक कुठे कमजोर आहे ते दोन वाक्यांत सांगा" असा विचारा. दुसरा भाग गाळला की हिशोबच पुरावा वाटायला लागतो.

पायरी ५: प्रश्न उलटा करून बघा

प्रश्न तयार झाला की त्यात जिथे जिथे "बहुमत पद्धत" आहे तिथे "प्रमाणशीर" घाला आणि उलट, उदाहरणंही अदलाबदल करा. मग तो उलटा प्रश्न मोठ्याने वाचा. मूळ वाचताना काही वाटलं नाही आणि उलटा वाचताना "हे जरा जास्तच होतंय" असं वाटलं, तर मूळ प्रश्नही तेवढाच जास्त होता, फक्त तो आपल्या बाजूचा असल्यामुळे कळला नाही.

मी हे एका प्रश्नावर केलं ते सांगते. मूळ होता: "प्रमाणशीर पद्धतीत अल्पसंख्य गटांना प्रतिनिधित्व मिळते, परंतु बहुमत पद्धतीत मतदार आणि प्रतिनिधी यांचा संपर्क राहतो. चर्चा करा." समतोल दिसतो ना, दोघांना एकेक गुण दिलाय. इथे नावांऐवजी नुसता दोन भागांचा क्रम उलटा केला: "बहुमत पद्धतीत मतदार आणि प्रतिनिधी यांचा संपर्क राहतो, परंतु प्रमाणशीर पद्धतीत अल्पसंख्य गटांना प्रतिनिधित्व मिळते." तेच शब्द, तरी आता प्रमाणशीर जिंकतेय असं वाटतं, कारण "परंतु"नंतर जे येतं ते मनात राहतं. मी "परंतु" काढलं, दोन वेगळी वाक्यं केली, आणि प्रश्नपत्रिका दोन प्रकारात छापली, अर्ध्या वर्गाला एक क्रम आणि अर्ध्याला दुसरा. झेरॉक्सचा खर्च तेवढाच येतो. शिवाय न्यूझीलंडच्या पद्धतीत स्थानिक मतदारसंघाचे खासदारही असतात, म्हणजे संपर्क फक्त बहुमत पद्धतीतच राहतो हेही माझं न तपासलेलं गृहीतक होतं, परत पायरी १.

पायरी ६: उत्तरपत्रिकेचा नमुना आधी, आणि दोन

प्रश्न निष्पक्ष आणि मार्किंग एकतर्फी, असं होऊ शकतं. म्हणून मूल्यमापनाच्या प्रत्येक प्रश्नाला मी पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी दोन उत्तरं स्वतः लिहिते, एक बहुमत पद्धतीच्या बाजूने, एक विरुद्ध. दोन्ही लिहिताना मला सारखे कष्ट पडले पाहिजेत. एक बाजू दहा मिनिटांत झाली आणि दुसरीला मुद्दाच सुचेना, तर एक तर प्रश्नात दिलेलं साहित्य कमी आहे किंवा मला ती बाजू नीट माहीत नाही, आणि दोन्ही वेळी प्रश्न अजून वर्गात न्यायच्या लायकीचा नाही. १० मार्कांची वाटणी मी साधारण अशी करते: आकडे बरोबर वाचले ३, कारण सांगितलं ३, स्वतःची मोजपट्टी स्पष्ट सांगितली २, आणि समोरच्या बाजूचा सगळ्यात ताकदवान मुद्दा प्रामाणिकपणे मांडला २. निष्कर्षाला शून्य. हे पोरांना आधीच फळ्यावर लिहून द्यायचं, मग "मॅडमना काय पाहिजे" हा अंदाज लावायची गरजच राहत नाही.

पायरी ७: मग आपल्या घरचं उदाहरण

न्यूझीलंडवर हात बसला की महाराष्ट्र आणायचा, त्याआधी नाही. आणि आपल्याकडे २०२४ ने फार नेमकी जोडी दिलीय. लोकसभेला महायुती आणि महाविकास आघाडीची मतं जवळजवळ सारखी होती, टक्काभराचाही फरक नाही, आणि ४८ पैकी जागा मात्र आघाडीला ३० आणि महायुतीला १७, एक अपक्ष. सहा महिन्यांत विधानसभा झाली आणि तिथे महायुतीतल्या मोठ्या तीन पक्षांनी सुमारे अर्ध्या मतांवर २८८ पैकी २३० जागा घेतल्या, आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ४६. म्हणजे मतं आणि जागांमधली दरी एकदा एकाच्या बाजूने उघडली आणि एकदा दुसऱ्याच्या. या दोन निवडणुका नेहमी एकत्रच द्यायच्या, एकटी कुठलीच नाही, एकटी दिली की तो पद्धतीवरचा प्रश्न राहत नाही, कुणाच्या तरी विजयावरचा संशय होतो.

वर्ग फारच तापलेला असेल तर मी पहिल्या तासाला पक्षांची नावं काढून आघाडी क आणि आघाडी ख लिहिते, पोरं ओळखतातच, पण लिहिताना हात जरा सैल होतो. आणि प्रश्न असा ठेवते:

"खाली एकाच राज्यातल्या दोन निवडणुकांचे आकडे दिले आहेत. (अ) दोन्हींत मतं आणि जागा यांतला फरक काढा. (आ) या फरकाची दोन कारणं सांगा, त्यातलं किमान एक निवडणूक पद्धतीशी संबंधित आणि एक त्याबाहेरचं असावं. (इ) हा फरक कमी करणं हे उद्दिष्ट किती महत्त्वाचं मानावं? तुमचं मत आणि त्याविरुद्धचा सगळ्यात चांगला मुद्दा लिहा."

(आ) मधला "त्याबाहेरचं" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मधल्या सहा महिन्यांत मतदारांचं मतही बदललं होतं आणि सगळं पद्धतीच्या माथी मारता येत नाही.

इथे एक गोंधळ नक्की होतो. शहरातली पोरं हमखास म्हणतात की आमच्याकडे महापालिकेला प्रमाणशीर पद्धतच आहे, एका प्रभागातून चार नगरसेवक येतात. ती प्रमाणशीर नाही. पॅनेलमध्ये अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला वेगळं मत असतं आणि प्रत्येक जागेवर जास्त मतं मिळणारा जिंकतो, म्हणजे बहुमत पद्धतच चार वेळा. हे आधी साफ केलं नाही तर पुढची तुलना सगळी चुकीच्या पायावर उभी राहते.

दुसरी अडचण घटना समितीच्या चर्चेची. ४ जानेवारी १९४९ ला काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धतीची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी विरोध केला, साक्षरता कमी आहे आणि संसदीय सरकारला सभागृहात पक्कं बहुमत लागतं ही त्यांची मुख्य कारणं. साहित्य म्हणून हे सोनं आहे, पण बाबासाहेबांचं नाव वर असलं की आपल्याकडच्या वर्गात बरीच पोरं तिथेच थांबतात, आदर म्हणून वाद घालत नाहीत. मी दोन्ही भाषणांतले सारख्याच लांबीचे उतारे आधी नावाशिवाय देते, विचारते की कोणता मुद्दा त्या काळातल्या परिस्थितीवर टेकलेला आहे आणि कोणता कुठल्याही काळात लागू होईल, हे दोन्ही उताऱ्यांबद्दल, आणि उत्तरं गोळा झाल्यावरच नावं सांगते.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

प्रश्नपत्रिका छापण्याआधी दुसऱ्या विषयाच्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि एकच विचारा, "हे काढणारी बाई कुठल्या पद्धतीच्या बाजूची वाटते?" माझ्याकडे इतिहासाचे एक सर आहेत, ते लगेच उत्तर देतात आणि बहुतेक वेळा बरोबर देतात, तेव्हा मी पायरी ३ ला परत जाते. ते "कळत नाही" म्हणाले की छापायला देते.

वर्गात झाल्यावर उत्तरपत्रिका निष्कर्षानुसार दोन गठ्ठ्यांत लावा. सगळे एकाच गठ्ठ्यात आले म्हणून प्रश्न लगेच वाईट ठरत नाही, वर्गाचं खरंच तसं मत असू शकतं. म्हणून समोरच्या बाजूच्या मुद्द्याचे ते २ मार्क बघा. पोरांना विरुद्ध बाजू नीट मांडता आली असेल तर प्रश्नाने काम केलं. सगळ्यांनी तिथे एकच पातळ ओळ लिहिली असेल तर दिलेल्या साहित्यात ती बाजू नव्हतीच, आणि पुढच्या वेळी मी १९९६ चे आकडे जास्त जागा देऊन छापते किंवा १९८१ चे, ज्या बाजूची ओळ पातळ आली असेल तिचे.